पगार आणि पदाबद्दल साहेबांचा अर्धा तास मागणारा ई-मेल कसा लिहावा

या मेलकडून एकच काम करून घ्यायचे असते : साहेबांचा अर्धा तास मिळवणे, आणि तोही दार लावलेल्या खोलीत. पगार किती वाढावा, पदाचे नाव काय असावे, आजवर आपण काय काय केले, या गोष्टींचा निकाल मेलमध्ये लागत नाही, आणि तिथेच तो लावून घेण्याचा प्रयत्न केला तर तो बहुधा आपल्या विरुद्ध लागतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा परचेस विभाग सांभाळताना मला असे मेल बरेच आले. त्याआधी, दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला असताना, एक मी स्वतःही लिहिला होता. तो ३१ मार्चच्या रात्री, दिवसभर स्टॉक मोजून घरी आल्यावर, जेवणही न करता लिहिलेला आणि दीड पानाचा होता. साहेबांनी तो पूर्ण वाचला की नाही हे मला कधीच कळले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ‘कृपया पाहावे’ एवढे दोन शब्द वर लिहून त्यांनी तो अकाउंट्सकडे पाठवला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत तिथल्या दोघांनी त्यातले एक वाक्य मला जसेच्या तसे ऐकवले.

साहेबांनी यात वावगे काही केले नव्हते. पगाराचा निर्णय एकट्या मॅनेजरच्या हातात क्वचितच असतो. त्याला एचआरला विचारावे लागते, घरच्या मालकीची कंपनी असेल तर मोठ्या साहेबांच्या कानावर घालावे लागते, आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आलेला मेल तसाच पुढे ढकलणे. म्हणून लिहिताना वाचणारे तीन जण डोळ्यांपुढे ठेवावेत : आपला मॅनेजर, एचआरमधली आपल्याला फारशी न ओळखणारी व्यक्ती, आणि मालक. या तिघांपैकी कोणीही वाचले तरी ज्यामुळे आपल्याला खाली बघावे लागणार नाही, असे वाक्य तेवढे मेलमध्ये राहू द्यावे.

आधी आपण नेमके काय मागतो आहोत हे ठरवावे

बहुतेक लोक ‘पगारवाढ’ हा एकच शब्द मनात धरून बसतात, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. कंपनीच्या हिशेबात पगार वाढण्याच्या दोन वेगळ्या वाटा असतात. पहिली वाट म्हणजे दरवर्षीचे इन्क्रिमेंट. ते सध्याच्या पगारावर टक्क्यांनी मिळते आणि विभागाला मंजूर झालेल्या ठरावीक रकमेतून वाटले जाते. एकाला जास्त दिले तर त्याच विभागातल्या दुसऱ्याचे कमी होते, त्यामुळे मॅनेजरच्या मनात कितीही असले तरी तो एखाददुसऱ्या टक्क्याच्या पलीकडे सहसा सरकू शकत नाही. दुसऱ्या वाटेला कार्यालयात ‘करेक्शन’ म्हणतात. कामाचे स्वरूप बदलले म्हणून पद किंवा श्रेणी बदलायची आणि नव्या श्रेणीला शोभेल असा पगार लावायचा, असा हा प्रकार असून त्यासाठी मॅनेजरची वेगळी शिफारस आणि वरची वेगळी मंजुरी लागते.

फरक किती पडतो, ते एका उदाहरणातून पाहू, आणि पुढचा सगळा लेख याच उदाहरणाला धरून लिहितो. एक कर्मचारी चार वर्षांपूर्वी परचेस असिस्टंट म्हणून रुजू झाली. तिचा वार्षिक सीटीसी ५,४०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ४५,०००. बेसिक २२,५०० आहे. कंपनी पीएफ पूर्ण बेसिकवर भरते, म्हणून सीटीसीमधले २,७०० रुपये कंपनीच्या पीएफ हिश्श्यात जातात आणि सुमारे १,०८२ रुपये ग्रॅच्युइटीच्या नावाने बाजूला पडतात. उरलेल्या ४१,२१८ रुपयांतून तिचा स्वतःचा पीएफ २,७०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात ३८,३१८ रुपये येतात. आठ टक्के इन्क्रिमेंट मिळाले तर सीटीसी महिन्याला ३,६०० रुपयांनी वाढतो, पण हातात येणारी वाढ जेमतेम ३,०८० रुपयांची असते.

आता दीड वर्षापूर्वी सोडून गेलेल्या ज्या वरिष्ठाचे काम ती आज करते आहे, त्याच्या श्रेणीचा सीटीसी ७,२०,००० आहे असे धरू. नुसत्या आठ टक्क्यांच्या वाढीने ती तिसऱ्या वर्षी ६,८०,००० च्या आसपास असेल आणि ७,२०,००० ओलांडायला तिला चौथे इन्क्रिमेंट उजाडेल. तोपर्यंत ती श्रेणीही जागची हललेली असेल. म्हणजे इन्क्रिमेंटच्या वाटेने हे अंतर भरून निघत नाही. तिच्या मेलचा मूळ मुद्दा ‘मला जास्त टक्के द्या’ असा नसून ‘माझे काम बदलले आहे, तर त्याचे नाव आणि श्रेणी बदलण्याचा विचार होईल का’ असा असायला हवा. पगार त्याच्या मागोमाग येतो, आणि त्याचा उल्लेखही त्याच क्रमाने करावा.

ज्यांचे काम खरोखर बदललेले नाही, त्यांनी ही वाट धरू नये. तेच काम अधिक चांगले करतो म्हणून जास्त वाढ हवी असेल तर ती मागणी इन्क्रिमेंटच्या चौकटीतच मांडावी लागते. ओढूनताणून ‘जबाबदारी वाढली’ असे लिहिले, तर मॅनेजर पहिल्याच बैठकीत विचारतो की नक्की कोणती वाढली, आणि मग सारवासारव करावी लागते.

केव्हा पाठवावा

आपल्याकडचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आणि ज्या कंपन्या त्याच वर्षाप्रमाणे चालतात तिथे वाढीची पत्रे एप्रिल-मे महिन्यांत हातात पडतात. लोकांना पत्राच्या आसपास पगाराची आठवण होते, म्हणून मेलही त्याच सुमारास जातात. पण पत्र छापले जाण्याच्या बरेच आधी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, विभागवार रक्कम ठरलेली असते. एप्रिलमध्ये आलेल्या मेलवर मॅनेजर मनापासून ‘आता काही करता येणार नाही’ असे म्हणत असेल, तर ते बरेचदा खरेच असते. पद बदलण्याच्या शिफारशीला कागदोपत्री वेळ लागतो, हे लक्षात घेऊन डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीची सुरुवात मला सर्वात योग्य वाटते. ज्या कंपनीचे वर्ष जानेवारीपासून सुरू होते, तिथे हाच हिशेब तीन महिने अलीकडे आणावा.

त्यातही आठवडा निवडावा. महिनाअखेर, ऑडिट सुरू असलेला आठवडा, दिवाळीआधीची डिस्पॅचची घाई, हे दिवस टाळावेत. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळी पन्नास मेलांच्या खाली गेलेला असतो. हिंजवडी किंवा खराडीकडच्या शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्या कंपन्यांत हेच शुक्रवारच्या संध्याकाळी घडते. सुट्टीनंतरचा पहिला दिवस जाऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेल पाठवावा. रात्री मात्र पाठवू नये. रात्री अकरा सव्वीसची वेळ दिसणारा मेल कितीही शांत शब्दांत लिहिलेला असला, तरी लिहिणारा शांत नव्हता असेच वाचणाऱ्याला वाटते.

एक पान, जे मेलसोबत जात नाही

मेल लिहायला बसण्यापूर्वी एक साधा कागद घ्यावा आणि त्याला मधोमध रेघ मारावी. डाव्या बाजूला नियुक्तिपत्रात लिहिलेली कामे उतरवावीत. अनेकांना आपले नियुक्तिपत्र कुठे आहे हेच आठवत नाही. ते आधी शोधून काढावे. उजव्या बाजूला आज प्रत्यक्षात करत असलेली कामे लिहावीत, आणि प्रत्येकापुढे ते काम केव्हापासून आणि कोणाच्या सांगण्यावरून आपल्याकडे आले, याची नोंद करावी.

आपल्या उदाहरणातल्या कर्मचारीच्या डाव्या बाजूला तीनच ओळी होत्या : पुरवठादारांकडून कोटेशन मागवणे, परचेस ऑर्डर तयार करणे, आलेल्या मालाची नोंद करणे. उजव्या बाजूला ती आधी अकरा ओळी लिहून बसली होती आणि त्यांतल्या आठ ‘सगळ्यांना मदत करते’ या धर्तीच्या होत्या. त्या खोडल्यावर तीन उरल्या. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगसाठी बाहेर जाणाऱ्या जॉबवर्कच्या मालाचा पाठपुरावा तिच्याकडे आला होता, त्या पुरवठादारांशी दर ठरवण्याचे काम आले होते, आणि नंतर महिनाअखेरच्या स्टॉकची जबाबदारीही आली होती.

यातली जॉबवर्कची ओळ जरा जवळून पाहण्यासारखी आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कसाठी चलनावर बाहेर पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवला असे धरून त्यावर कर आकारला जातो. वरिष्ठ सोडून गेले तेव्हा अशी काही चलने महिनोन्‌महिने उघडी पडली होती. तिने प्रत्येक प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये जाऊन माल मोजला, जुळवला आणि चलने बंद करून घेतली. हे तिने मला ‘जुनी चलने क्लिअर केली’ एवढ्या चार शब्दांत सांगितले होते. पण मालकाला यातले वजन लगेच कळते, कारण ऑडिटरने त्याच चलनांवर बोट ठेवलेले त्याच्या लक्षात असते. कागदावर ठेवण्याच्या ओळी निवडताना हीच कसोटी लावावी : साहेबांना स्वतःच्या आठवणीतून किंवा रजिस्टरमधून जे पडताळून पाहता येईल, ते ठेवावे. ‘प्रामाणिकपणे’, ‘मेहनतीने’, ‘वेळेची पर्वा न करता’ हे कोणालाच पडताळता येत नाही.

हा कागद बैठकीत सोबत न्यायचा असतो. मेलला तो जोडू नये. जोडला की बैठकीआधीच कोणीतरी तो वाचून, आपल्या गैरहजेरीत, त्यावर आपले मत बनवतो.

पहिला खर्डा आणि त्यात काय बिघडले

तिने लिहिलेला पहिला खर्डा साधारण असा होता.

> विषय : पगारवाढ मिळण्याबाबत
>
> आदरणीय सर,
>
> मागील चार वर्षांपासून मी आपल्या कंपनीत अत्यंत प्रामाणिकपणे काम करीत आहे. वरिष्ठ सोडून गेल्यापासून त्यांचेही सर्व काम मीच बघते. इतके करूनही मागच्या वर्षी मला फक्त ८ टक्केच वाढ मिळाली. माझ्या नंतर आलेल्यांनासुद्धा माझ्यापेक्षा जास्त पगार आहे असे समजते. बाहेर याच कामाला सात-आठ लाख मिळतात. तरी माझ्या पगाराचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती, अन्यथा मला वेगळा विचार करावा लागेल.

यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि तरीही हा मेल पाठवण्यासारखा नाही. मराठीत तक्रार मोठ्या शब्दांतून क्वचित येते. ती छोट्या शब्दांना चिकटून येते. ‘मीच बघते’ मधला ‘च’ काढून टाका, ‘मी बघते’ उरते, आणि ते एक साधे विधान होते. ‘फक्त ८ टक्केच’ यात तर रुसवा दोनदा मोजला आहे. ‘इतके करूनही’, ‘सुद्धा’, ‘तरीही’, ‘साधे’, ‘निदान’ हे शब्द बोलताना आवाजाच्या चढ-उताराने सौम्य होतात, पण कागदावर ते उघडे पडतात. खर्डा झाला की हे शब्द पेन घेऊन शोधावेत आणि गोल करावेत. मेल शांत करण्याचे निम्मे काम एवढ्याने होते.

‘असे समजते’ या वाक्याने सर्वात जास्त नुकसान होते. दुसऱ्याच्या पगाराचा उल्लेख आला की चर्चा आपल्या कामावरून हटते आणि ‘हे तुला कोणी सांगितले’ इथे जाते, आणि ज्या सहकाऱ्याने विश्वासाने आकडा सांगितला तो अडचणीत येतो. बाहेरच्या पगाराचा आकडा बैठकीत, विचारले तर, सांगता येतो. मेलमध्ये तो घासाघीस सुरू झाल्यासारखा दिसतो. शेवटची ‘अन्यथा’ तर पूर्ण काढावी. एकाच वाक्यात ‘नम्र विनंती’ आणि धमकी असली तर वाचणारा धमकी लक्षात ठेवतो, आणि त्याच दिवसापासून एचआर आपल्याकडे सोडून जाणारी व्यक्ती म्हणून पाहू लागते. मग मोठी जबाबदारी कोण कशाला देईल?

भाषेच्या दर्जाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. रोज ‘सर, तुम्ही ते बिल पाहिलं का’ असे बोलणारी व्यक्ती अचानक ‘आपण’, ‘करीत आहे’, ‘सहानुभूतीपूर्वक’, ‘आपली विश्वासू’ असे लिहू लागली, की साहेबांना वाटते हा राजीनामा तरी आहे किंवा वकिलाला विचारून लिहिलेला कागद तरी. ‘आदरणीय’ आणि ‘सविनय’ यांमुळे मेल शाळेच्या सुट्टीच्या अर्जासारखा होतो आणि मागणारा हात पुढे केल्यासारखे दिसते. ज्या आदराने रोज बोलतो त्याच आदराने, फक्त पूर्ण वाक्यांत लिहावे. ‘तुम्ही’ वापरत असाल तर शेवटपर्यंत ‘तुम्ही’. अर्धा मेल ‘आपण’ आणि अर्धा ‘तुम्ही’ हा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता तोच आधी तपासतो.

दुरुस्त मेल

> विषय : वैयक्तिक – कामाच्या स्वरूपाविषयी बोलण्यासाठी अर्धा तास
>
> नमस्कार सर,
>
> माझ्या सध्याच्या कामाचे स्वरूप, पुढची जबाबदारी आणि त्याला अनुसरून पगार, या विषयांवर तुमच्याशी समक्ष बोलायचे आहे. त्यासाठी तुमचा अर्धा तास मिळू शकेल का?
>
> गेल्या वर्षीच्या जूनपासून जॉबवर्कचा पाठपुरावा आणि त्या पुरवठादारांशी दर ठरवणे ही कामे मी पाहते. सप्टेंबरपासून महिनाअखेरच्या स्टॉकची जबाबदारीही तुम्ही माझ्याकडे दिली. या कामांतून मला बरेच शिकायला मिळाले आहे आणि ती पुढेही करायची आहेत. माझ्या नियुक्तिपत्रात त्यांचा समावेश नाही, म्हणून पदाचे नाव आणि श्रेणी यांचा नव्याने विचार करता येईल का, हे तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.
>
> येत्या मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी चारनंतर मी येऊ शकते. तुम्हाला दुसरी वेळ सोयीची असेल तर कळवावे. विषय वैयक्तिक असल्यामुळे कॉन्फरन्स रूममध्ये बसता आले तर बरे होईल. कामांची एक पानाची नोंद सोबत आणेन.
>
> कळावे.

विषयाच्या ओळीत ‘पगार’ हा शब्द मुद्दाम नाही. मेल येताच त्याची विषयओळ स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटते, आणि त्या क्षणी साहेब प्रोजेक्टर लावून बसलेले असू शकतात किंवा समोर पुरवठादार बसलेला असू शकतो. मात्र मजकुराच्या पहिल्या वाक्यात पगाराचा उल्लेख असलाच पाहिजे. काही जण संकोचाने ‘एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचे आहे’ एवढेच लिहितात. असा मेल आला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण मॅनेजरच्या अनुभवात या वाक्याचे अर्थ दोनच असतात, राजीनामा किंवा कोणाची तरी गंभीर तक्रार. शिवाय विषय आधी कळला नाही तर तो एचआरला काही न विचारता बैठकीला येतो, आणि ‘बघतो’ म्हणण्यापलीकडे त्याला काही बोलता येत नाही.

‘तुम्ही माझ्याकडे दिली’ हे तीन शब्द फार कामाचे आहेत. जबाबदारी आपण ओढवून घेतलेली नाही, ती सोपवली गेली होती, हे त्यातून कोणताही दोष न देता नोंदवले जाते. मेल पुढे गेला तर मालकालाही तेच दिसते. ‘पुढेही करायची आहेत’ हे वाक्य नसेल, तर ‘एवढे काम नको’ असा अर्थ काढून कोणीतरी स्टॉकचे काम काढून घेऊन प्रश्न मिटवून टाकतो. हे मी होताना पाहिले आहे, म्हणून ते वाक्य गाळू नये. आकडा कुठेही नाही, कारण पहिला आकडा कागदावर आला की सगळी चर्चा त्याच्या भोवती फिरते आणि पदाचा मुद्दा मागे पडतो.

जागा सुचवणे काहींना आगाऊपणा वाटेल. पण लहान कारखान्यांत साहेबांची केबिन म्हणजे छातीएवढ्या उंचीचे पार्टिशन असते, आणि पलीकडे डिस्पॅचचे लोक बसलेले असतात. त्या केबिनमध्ये साहेब हळू आवाजात बोलतात, लवकर आवरते घेतात आणि आकड्यावर बोलणे टाळतात.

पाठवण्याआधीची तपासणी

लहान कंपन्यांत `purchase@` अशा सुरुवातीचा विभागाचा एकच पत्ता असतो आणि तो तीन जणांच्या संगणकांवर उघडा असतो. त्यावरून हा मेल पाठवला, तर तो ‘सेंट’मध्ये सगळ्यांना दिसतो. स्वतःच्या नावाच्या कार्यालयीन पत्त्यावरून, साहेबांच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवावा, आणि साहेबांचे मेल दुसरे कोणी उघडत असेल तर मेल न पाठवता छापील प्रत हातात द्यावी. सीसीमध्ये कोणीही नको. एचआरला सुरुवातीलाच प्रत लावली तर मॅनेजरला डावलल्यासारखे होते.

पत्त्याचा रकाना सर्वात शेवटी भरावा, कारण दोन अक्षरे टाइप करताच मेलचा प्रोग्रॅम साहेबांच्याच नावाचा एखादा पुरवठादार पुढे करतो. जीमेलमध्ये `Undo Send` ची मुदत सेटिंग्जमध्ये जाऊन जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आधीच वाढवून ठेवावी. आउटलुकमधला मेल परत बोलावण्याचा पर्याय कंपनीच्या बाहेर गेलेल्या मेलवर चालत नाही, त्याच्या भरवशावर राहू नये.

पाठवल्यानंतर

त्याच दिवशी, समोर आले तर, ‘सर, एक मेल पाठवला आहे, सवडीने बघा’ एवढे म्हणावे. व्हॉट्सॲपवर मजकूर पुन्हा टाकू नये. चार-पाच कामाचे दिवस उत्तर आले नाही तर त्याच मेलच्या खाली दोन ओळी लिहाव्यात : ‘सर, वरच्या मेलबाबत या आठवड्यात वेळ मिळेल का? नसेल तर पुढच्या मंगळवारी चालेल.’ त्यानंतरही शांतता असेल, तर तिसरा मेल न लिहिता प्रत्यक्ष जाऊन वेळ विचारावी.

कधी कधी उत्तर मेलवरच येते : ‘अपेक्षा किती आहे ते कळवा.’ हा प्रश्न सोयीचा दिसतो, पण इथे आकडा लिहिला की बैठक होत नाही. ‘सर, आकडा कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे, म्हणून आधी दहा मिनिटे त्यावर बोलू आणि मग मी नेमके सांगते’ असे उत्तर द्यावे. आणि बैठकीत खरोखर सांगावे. तिथे टाळाटाळ करू नये. सांगताना सीटीसीमध्ये सांगावे, कारण मंजुरी सीटीसीवर होते. ‘हातात पन्नास हजार हवेत’ असे म्हटले तर साहेब ते पन्नास हजार सीटीसी असे ऐकून घेऊ शकतात, आणि वरच्याच आकडेमोडीच्या हिशेबाने महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास तूट येते.

दुसरे नेहमीचे उत्तर म्हणजे ‘अप्रेझलच्या वेळी बघू’. यावर वाद घालू नये. तारीख आणि वाट विचारावी. ‘ठीक आहे सर. पद बदलण्याची शिफारस त्याआधी जावी लागते असे मला समजते, तर जानेवारीत त्यासाठी बसू या का?’ साहेबांना खरेच करायचे असेल तर ते महिना सांगतात. महिना न सांगता ‘बघू, बघू’ असेच तिसऱ्यांदा ऐकू आले, तर तिथे शिफारस जाणार नाही असे समजून आपला हिशेब वेगळा मांडायला हरकत नाही. ज्या वर्षी कंपनीच्या ऑर्डर घटल्या आहेत आणि शिफ्ट कमी केल्या आहेत, त्या वर्षी चांगल्या मेलनेही पैसे मिळत नाहीत; तेव्हा निदान पदाचे नाव बदलून घ्यावे, कारण पुढच्या वर्षीचा पगार आणि बाहेरची मुलाखत दोन्ही त्या नावावरून ठरतात.

बैठक झाली की त्याच संध्याकाळी, जुन्याच मेलच्या खाली, चार ओळींची नोंद पाठवावी. आपल्या उदाहरणातल्या कर्मचारीने पाठवलेली नोंद अशी होती : ‘सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. वरिष्ठ परचेस एक्झिक्युटिव्ह या पदासाठी शिफारस जानेवारीअखेर पाठवण्याचे तुम्ही सांगितले. त्यासाठी स्टॉकचा सहा महिन्यांचा तपशील मी १५ तारखेपर्यंत देते. माझ्या समजण्यात काही चुकले असेल तर दुरुस्त करावे.’ साहेबांनी उत्तरादाखल एकच शब्द पाठवला, ‘बरोबर’. फेब्रुवारीत मोठ्या साहेबांनी ‘हे कधी ठरले’ असे विचारले, तेव्हा त्यांना पुढे पाठवायला तेवढा एक मेल पुरला.